प्रतिसाद: खोटा टायमर

> रीलमध्ये 'फक्त ३ पीस शिल्लक' आणि टायमर टाकला की सेल वाढतो, मग हरकत काय?

वाढतो ना, सुरुवातीला. पण तीच लिंक इन्कॉग्निटोत उघडा, बऱ्याचदा टायमर परत १५ मिनिटांपासून सुरू होतो, कारण तो ब्राउझरमधल्या कुकीवर चालतो, ऑफरशी त्याचा संबंधच नसतो. पुणेरी गिऱ्हाईक हे पकडतंच (आणि सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉटही टाकतं). तुळशीबागेतल्या ओळखीच्या एका कुर्तीवाल्या ताईंचं हेच झालं, आठवडाभर तेच '३ पीस', मग दिवाळीत माल खरंच संपत आला तरी लोक म्हणे थांबू, येईल परत, आणि डिस्काउंटशिवाय कोणी घेईचना. शिवाय केंद्राच्या २०२३च्या डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाईकाला गंडवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्धच्या नियमांत खोटी घाई सरळ नाव घेऊन दिलीये, गिऱ्हाईक १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं.