मदत हवी आहे : सातवीच्या इंग्रजी वर्कबुकातील रिकाम्या जागा, उत्तरांच्या कारणांसह

धागाकर्ता : बोरीअरब

नमस्कार. माझी पुतणी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत सातवीत शिकते. तिच्या वर्कबुकाच्या एका पानाचा फोटो काल संध्याकाळी ओसरीत काढला, परंतु पान शिवणीत वळल्यामुळे उजवीकडचे काही शब्द दिसत नाहीत. तिच्या आईलाही हा धागा वाचायचा आहे, म्हणून वाक्ये देवनागरीतच लिहितो.

1) माय अंकल ___ (वर्क) इन अ बँक सिन्स 2019.
2) दे ___ (लिव्ह) इन पुणे फॉर टेन इयर्स.
3) माय फादर ___ (बाय) अ सायकल टू इयर्स अगो.
4) ही ___ (गो) टू मुंबई... (पुढचे कापले गेले आहे.)

तिने पहिल्यात ‘इज वर्किंग’ आणि तिसऱ्यात ‘हॅज बॉट’ लिहिले होते. बाईंनी दोन्हींवर लाल फुली मारली, पण कारण लिहिले नाही. मला उत्तरे तर हवीच आहेत, परंतु ती तिला कशी समजावून सांगावी, हे अधिक हवे आहे.

पांदणवाट

सोपे आहे, भाऊ. सिन्स किंवा फॉर दिसले की हॅज किंवा हॅव लावायचे. आणि त्या दोघांत निवड करायची असेल, तर आकडा दिसला की फॉर. मी माझ्या मुलाला असेच पाठ करून दिले आहे.

निवृत्त शिक्षक, आर्वी

पांदणवाट यांचे पहिले वाक्य बहुतेक वेळा चालेल, पण दुसरे मुलांना फसवेल, कारण याच पानावर सिन्सच्या पुढे 2019 हा आकडा आहे. अडचण अशी की मराठीत आपण ‘सोमवारपासून’ही म्हणतो आणि ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो, म्हणजे एकाच ‘पासून’वर दोन्ही कामे भागवतो. मी वर्गात ‘पासून’ काढून पाहायला सांगत असे. ‘काका गेली दोन वर्षे बँकेत काम करतात’ हे वाक्य ‘पासून’शिवायही उभे राहते, तिथे फॉर येते. ‘काका 2019 बँकेत काम करतात’ हे उभे राहत नाही, म्हणून तिथे सिन्स. ‘गेल्या सोमवारपासून’ यातला ‘गेल्या’ पाहून मात्र मुले चुकतात. तिथेही ‘पासून’ काढता येत नाही, म्हणून सिन्सच.

आता मुलीच्या चुका. ‘काका काम करत आहेत’ हे तिने मराठीतून जसेच्या तसे उचलले. मराठीत ‘2019 पासून करत आहेत’ चालते, पण तेव्हा सुरू झालेले काम आजपर्यंत चालू असेल, तर इंग्रजीत नुसते ‘इज’ पुरत नाही. ‘हॅज वर्क्ड’ किंवा ‘हॅज बीन वर्किंग’, दोन्ही बरोबर आहेत. तिसऱ्याचे मूळही मराठीतच आहे. ‘बाबांनी दोन वर्षांपूर्वी सायकल घेतली आहे’ असे आपण सहज बोलतो, परंतु इंग्रजीत अगोसारखा संपलेला काळ सांगणारा शब्द आला की हॅज बसत नाही. तिथे नुसते ‘बॉट’.

संत्राबाग

सर, मी जिनिंगमधील नोकरीच्या अर्जात ‘सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’ असे लिहिले होते. ते चुकीचे होते का?

निवृत्त शिक्षक, आर्वी

होय, ‘फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स’ हवे होते. ‘गेली पाच वर्षे’ म्हणून पाहा, ‘पासून’ लागत नाही.

वऱ्हाडी लेक

दुसऱ्या वाक्यावर माझी शंका आहे. ती माणसे आता पुण्यात राहत नसतील, तर ‘दे लिव्हड इन पुणे फॉर टेन इयर्स’ हेही बरोबर नाही का? म्हणजे फॉर दिसले की हॅव, हा नियम मोडतो.

निवृत्त शिक्षक, आर्वी

ताई, तुमचे म्हणणे खरे आहे. ते अजून तिथे आहेत की निघून गेले, हे वाक्य स्वतः सांगत नाही. पानाच्या वर धड्याचे नाव किंवा सूचना असेल, तर त्यावरून ठरेल. सूचनेचा भाग फोटोत आला आहे का?

धागाकर्ता : बोरीअरब

सर, सूचनेची ओळ अर्धीच दिसते, ‘...करेक्ट फॉर्म ऑफ द व्हर्ब’ एवढीच. ‘पासून’ काढण्याची युक्ती मात्र पुतणीला लगेच पटली. ‘सकाळपासून पाऊस पडतो आहे’ या वाक्यातून तिने स्वतःच ‘पासून’ काढून पाहिले आणि ‘सकाळ पाऊस पडतो आहे’ असे म्हणून हसली, मग सिन्स म्हणाली. चौथ्याचे काय करावे?

निवृत्त शिक्षक, आर्वी

ते तसेच रिकामे ठेवा. शेवटी ‘यस्टरडे’ असेल तर ‘वेंट’ येईल आणि काहीच नसेल तर ‘हॅज गॉन’ही येऊ शकेल, म्हणजे तो आत्ता मुंबईत आहे असा अर्थ होईल. न दिसणाऱ्या शब्दावरून उत्तर लिहिले, तर कारण खोटे सांगावे लागेल. पुस्तक पाटावर सपाट ठेवून, शिवणीजवळ बोटाने दाबून, दिवसा पुन्हा फोटो काढा.

धागाकर्ता : बोरीअरब

पुस्तक तपासणीसाठी बाईंकडे जमा आहे, सोमवारी परत मिळेल. तेव्हा पूर्ण पान टाकतो. दुसऱ्या वाक्याची दोन्ही उत्तरे तिने सध्या वहीत पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत.