‘त्यू’ आले म्हणजे समता आली का?

केतकी: फ्रान्समध्ये ल्यों येथील माझ्या कार्यालयात पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, “ऑं स त्यूत्वा?” म्हणजे एकमेकांना फ्रेंचमधील ‘तू’ असलेले ‘त्यू’च म्हणू या का? मला ते मनापासून आवडले. ‘वू’, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, ही जुन्या उतरंडीची खूण असून ती जावी, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

श्रीधर: पूर्ण सहमत. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ मध्ये कायदा करून ‘वू’ बंदच केले होते.

अनुराधा: तसा कायदा झाला नव्हता. सर्वांनी ‘त्यू’च वापरावे असा अर्ज ३१ ऑक्टोबर १७९३ रोजी कन्व्हेन्शन या तेव्हाच्या संसदेपुढे आला, त्याचे स्वागत झाले, सरकारी व्यवहारात काही काळ ‘त्यू’ चाललेही, पण सक्तीचा कायदा झाला नाही आणि पुढे ‘वू’ परत आले.

माझा आक्षेप मात्र वेगळा आहे. समता ‘त्यू’मध्ये नसते, ती दोन्ही बाजूंनी एकच सर्वनाम वापरण्यात असते. जून २०१८ मध्ये पॅरिसजवळील माँ-व्हालेरियां येथे एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांना ‘मान्यू’ अशी लाडक्या नावाने हाक मारली, तेव्हा आपल्याला ‘महाशय’ म्हणायचे असे त्यांनी त्याला बजावले, आणि तेही ‘त्यू’ वापरूनच. पोलीस रस्त्यात ओळखपत्र तपासताना तरुणांना सर्रास ‘त्यू’ म्हणत, हा अपमान असल्याची तक्रार जुनी होती, म्हणूनच २०१४ पासून लागू असलेल्या त्यांच्या आचारसंहितेत ‘वूव्वाये’ करणे, म्हणजे ‘वू’ म्हणणे, बंधनकारक आहे. त्या तरुणांना ‘वू’च हवे होते.

शिवाय ‘त्यूत्वाये’चा, म्हणजे ‘त्यू’ म्हणण्याचा, प्रस्ताव वयाने वा पदाने मोठ्यानेच मांडायचा असतो. साहेबांनी विचारल्यावर ‘नको’ म्हणणे आपल्याला खरोखर शक्य होते का?

वसंत: माझ्या फ्रेंच सासूबाई मला ‘त्यू’ म्हणतात आणि मी त्यांना आजही ‘वू’च म्हणतो. अनुराधाताईंच्या हिशेबाने ही विषमता ठरेल, पण त्यात मला केवळ माया जाणवते.

अनुराधा: वसंतराव, घरातील वयाचा मान मी नाकारत नाही. सासू-जावयांत तो दोघांनाही मान्य असतो. रस्त्यात अडवलेल्या तरुणाला मात्र कोणी काही विचारलेले नसते.

श्रीधर: तरीही दोघांनी ‘त्यू’ म्हटले, तर मोकळेपणा वाढतोच, असे मला वाटते.

केतकी: वाढतो, हे मी रोज अनुभवते. ‘नको’ म्हणण्याचा विचारही तेव्हा माझ्या मनात आला नाही, हे मात्र खरे. आणखी एक विचारायचे आहे: जुनी मैत्री असलेले माझे दोन सहकारी एका भांडणानंतर बैठकीत एकमेकांना ‘वू’ म्हणू लागले आहेत. हे तात्पुरते असते का?

अनुराधा: ‘वू’कडून ‘त्यू’कडे सहज जाता येते, पण उलट जाणे म्हणजे मैत्री संपल्याचे तोंडावर सांगणे असते. मात्र परक्यांसमोर औपचारिकता म्हणून दोघे ‘वू’ म्हणत असतील, तर गोष्ट निराळी. बैठकीबाहेर, कॉफी घेताना ते एकमेकांना काय म्हणतात, तेवढे पाहा.