उ: पॅरालिम्पिकमधले गट कसे ठरतात?

> एफ५२, एफ४६ हे आकडे कशाचे? आणि स्पर्धा झाल्यावर पदक कसं काय काढून घेतात?

एफ म्हणजे मैदानी प्रकार, फेकी वगैरे. ५१ ते ५७ हे बसून फेकणाऱ्यांचे गट. आकडा लहान तितकी शारीरिक मर्यादा जास्त. एफ५२ मध्ये खांदा-कोपर चालतं, पण बोटांची पकड कमजोर असते आणि धडावर ताबा जवळपास नसतो. आजाराचं नाव इथे गौण आहे. आजारामुळे फेकीत नेमकं काय करता येत नाही, ते पाहतात.

आधी तपासणीच्या खोलीत स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल मोजतात, मग प्रत्यक्ष फेकायला लावतात. गरज पडल्यास स्पर्धेतही लक्ष ठेवतात, कारण खोलीत न दिसलेली ताकद तिथे दिसू शकते.

टोकियोत २०२१ साली भारताच्या विनोद कुमार यांना थाळीफेकीसाठी स्पर्धेच्या आठवडाभर आधी एफ५२ गट मिळाला होता. १९.९१ मीटर फेकून ते तिसरे आले. प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतला, फेरतपासणी झाली आणि त्यांना कोणताच गट देता येत नाही असं पॅनेलनं ठरवलं. निकाल रद्द, कांस्य गेलं. हे उत्तेजकांचं प्रकरण नव्हतं. आधी गट देणारेही अधिकृत तपासनीसच होते, म्हणून मला तरी ते खेळाडूवर अन्यायाचं वाटलं.