मदत हवी: फोटोत स्केल ठेवूनही चौकटीचं माप चुकतंय

वाडा_एरंडोल: आमचा जुना वाडा पुढच्या महिन्यात उतरवणारेत, त्याआधी दाराच्या कोरीव चौकटीचे फोटो काढतोय म्हणजे सुतार नंतर तशीच करून देईल. १० सेंमीची काळी-पांढरी पट्टी फोटोत ठेवली, तरी चौकटीच्या उभ्या पट्ट्याची रुंदी फोटोवरून १९.४ येते आणि टेपने २२. शिवाय तेच लाकूड एका फोटोत तांबडं, दुसऱ्यात निळसर. पटकन सांगा, वेळ नाहीये.

नकाशेवाला: पट्टी नक्की कुठे ठेवलेली? किती लांबून काढला?

वाडा_एरंडोल: उंबऱ्यावर उभी केलेली, अजून कुठे ठेवणार. मीटरभर लांबून.

नकाशेवाला: उंबरा चौकटीच्या पुढे किती आलाय?

वाडा_एरंडोल: आत्ता मोजलं, १२ सेंमी.

नकाशेवाला: मग सापडलं. पट्टी ८८ सेंमीवर आणि लाकूड १०० वर, म्हणजे पट्टी मोठी दिसते आणि तिच्या मानाने लाकूड बारीक. २२ गुणिले ०.८८ कर, तुझे १९.४ येतात की नाही बघ. पट्टी त्याच पट्ट्याला चिकटून, त्याच पातळीत धर. डबल टेप लावू नको, जुनं पॉलिश निघून येतं, दोऱ्याने लटकव.

भुसावळ_क्लिक: एवढं कशाला भाऊ, फोनमध्येच पर्स्पेक्टिव्ह सरळ करायचं ऑप्शन असतं, चौकट काटकोनात ओढायची की झालं. मी सगळं तसंच करतो.

नकाशेवाला: फोटो तिरका असेल तर ठीक, पण जुनी चौकट स्वतःच कललेली असते, ती ओढून काटकोनात आणली तर कल गायब. आधी दोन्ही कर्ण टेपने मोज. फोन चौकटीला समांतर आणि तिच्या मधल्या उंचीवर धर, ०.५ची वाइड लेन्स नको.

ताई_चोपडा: रंगाचं म्हणाल तर शेड कार्ड पेंटच्या दुकानात फुकट मिळतं, आम्ही गच्चीच्या खोलीला त्यावरूनच आकाशी लावला, आता पावसात पोपडे निघतायत, काय करावं?

नकाशेवाला: ताई ते वेगळं. इथे ग्रे कार्ड लागतं, म्हणजे रंगाची झाक नसलेलं करडं कार्ड. लाकडाला लागून, त्याच उजेडात धरून पहिला फोटो घ्यायचा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं रंग जुळवणं, त्यावरून लॉक करायचा आणि बाकीचे फोटो त्याच सेटिंगवर. ओसरीतला पिवळा बल्ब बंद कर, नाहीतर अर्धं लाकूड बल्बचं आणि अर्धं चौकातल्या उजेडाचं, ते कुठल्याच कार्डाने सुधरत नाही.

भुसावळ_क्लिक: बठ्ठं बरोबर शे भो, पण कोरीव काम चार सेंमी खोल असेल तर पट्टी वरच्या पातळीला धरायची का खालच्या?

नकाशेवाला: एक पट्टी एकाच पातळीला खरी. म्हणून लांब जायचं, मीटरवर चार सेंमीने ४ टक्के फरक पडतो, तीन मीटरवर सव्वा-दीड. खोली मात्र टेपनेच मोज.

वाडा_एरंडोल: तीन मीटर म्हणजे थेट गल्लीत, आणि तिथे बरोब्बर मध्ये विजेचा खांब आहे 😐