फोटोतलं माप वाचून कृती वाढवताना आलेले अनुभव

मावशीने कस्टर्डची कृती विचारल्यावर मापाच्या जगमधल्या दुधाचा फोटो पाठवला. 'चौघांना एवढं पुरतं,' बस्स. मला सहा जणांसाठी करायचंय. ३०० आणि ४०० च्या मध्ये तीन बारीक रेघा आहेत, दूध दुसऱ्या रेघेपाशी दिसतंय. म्हणजे ३२० का? तुम्ही असे फोटो कसे वाचता, लिहा.

चिमूटभर: रेघा मोजू नका, घरं मोजा. तीन रेघांनी चार घरं होतात, एक घर २५ मिलीचं. दुसरी रेघ ३५०, दीडपट ५२५. पण थांबा, दुधाचा वरचा भाग सरळ रेघ दिसतोय की लांबट गोल?

मूळ धागाकर्ती: लांबट गोल. पुढची कड पहिल्या रेघेवर आहे, मागची दुसऱ्या.

चिमूटभर: मग कॅमेरा वर होता. आकडे पुढच्या काचेवर असतील तर पुढचीच कड खरी, मागची त्याच काचेतून उगाच उंच दिसते. म्हणजे ३२५. दीडपट साधारण ४९० मिली.

कढईबहाद्दर: मी तर वरून काढलेला फोटो दिसला की सरळ दहा टक्के कापतो. कधी अडलं नाही.

चिमूटभर: कॅमेरा किती वर आणि जग किती रुंद, त्यावर फरक ठरतो. आकडे मागच्या भिंतीवर असले तर मागची कडच बरोबर, मग तुम्ही विनाकारण कापताय.

पिठूमिठू: पीठ मी कधीच जगने मोजत नाही. दाबून भरलं की जास्त बसतं. वजनकाटा घ्या, सुटाल.

मूळ धागाकर्ती: पिठाचं नाही हो, दुधाचं चाललंय :)

रविवारचा_आचारी: माझा किस्सा थर्मामीटरचा. मित्राने साखरेच्या पाकाचा फोटो पाठवला, काटा २४० वर, एककाची खूण फोटोबाहेर. सेल्सिअस असणं शक्यच नव्हतं, त्याच्या कितीतरी आधी साखर जळून काळी होते. फॅरनहाइट धरलं: २४० उणे ३२ म्हणजे २०८, गुणिले ५, भागिले ९, साधारण ११६ सेल्सिअस. मऊ गोळी होण्याइतका पाक, म्हणजे जुळलं. बायको म्हणाली, दुप्पट करतोयस तर तापमानही दुप्पट का? तापमान तेवढंच राहतं, पाक तिथवर पोचायला वेळ मात्र जास्त लागतो.

कढईबहाद्दर: आणि 'आच १० फॅरनहाइटने कमी करा' असं लिहिलं असेल तर?

रविवारचा_आचारी: तिथे ३२ वजा करायचे नाहीत, तो नुसता फरक आहे. साडेपाच सेल्सिअसने कमी करा.

नवखी: माझ्याकडच्या फोटोत नुसतं '१ पाइंट' दिसतंय, मिलीची बाजू पलीकडे आहे.

चिमूटभर: ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकन ४७३ चा. जग कुठला ते कळतंय का? शेजारी औंसाचे आकडे असतील तर बघा, पाइंटच्या रेघेसमोर २० असेल तर ब्रिटिश, १६ असेल तर अमेरिकन.

नवखी: औंस आहेत, पण नेमके तिथेच बोट आलंय.