साहेबांनी मेलवर झापलं, उत्तरात बाजू मांडायची की मान्य करायचं?

खातेवही_पिंपरी: अकाउंट्सला आहे. सलग दोन महिने जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, ३बी, २० तारखेच्या पुढे गेलं, लेट फी बसली, व्याज बसलं. मॅनेजरने मेल टाकला, वर डायरेक्टरला सीसी. मी उत्तर लिहून ठेवलंय की परचेसवाले बिलं उशिरा देतात, व्हेंडर त्यांचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ वेळेवर भरत नाहीत, २० तारखेला पोर्टल रखडतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पाठवू का?

रानवारा: बिनधास्त पाठव. लेखी मान्य करायचं नाही कधी. आमच्याकडे एका पोराने भाबडेपणाने 'माझी चूक झाली' असं लिहून दिलं आणि अप्रेझलला तोच मेल काढून दाखवला त्याला. डायरेक्टर सीसीत आहे म्हणजे रेकॉर्ड तयार होतोय, तूही तुझा रेकॉर्ड कर.

जमाखर्च: मी पाठवू नको म्हणेन, आणि कारण नम्रता वगैरे नाही, तुझी कारणंच टिकत नाहीत. व्हेंडरने ११ तारखेपर्यंत भरलं नाही तर ते बिल १४ ला पोर्टलवर येणाऱ्या आपल्या खरेदीवरच्या क्रेडिटच्या यादीत, म्हणजे २बी मध्ये दिसतच नाही, ते पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये जातं, मग तू २६ पर्यंत थांबलास काय नि २० ला भरलंस काय, या महिन्याचं क्रेडिट वाढत नाही. व्हेंडर चुकला हे खरं पण त्याने तुझा उशीर होत नाही. मॅनेजरला हे माहीत असणार, आणि डायरेक्टरसमोर त्याने हे एका ओळीत विचारलं तर तू काय सांगशील?

हिशोब कर ना. समज ४ लाख रोखीने भरायचे होते आणि ६ दिवस उशीर झाला, तर १८ टक्क्यांनी व्याज साधारण ११८४ रुपये आणि रोजचे ५० प्रमाणे लेट फी ३००. रक्कम छोटी आहे, पण थांबून मिळालं काय, शून्य. साहेब त्याच्यावरच चिडलेत बहुतेक.

मी असं लिहिलं असतं:

'दोन्ही महिने ३बी मुदतीनंतर गेलं हे बरोबर आहे. राहिलेल्या बिलांसाठी मी फायलिंग थांबवलं आणि ते अडकलंय हे तुम्हाला आधी कळवलं नाही. या महिन्यापासून १५ ला २बी ची जुळवणी, १७ ला ड्राफ्ट तुमच्याकडे, १९ ला फायलिंग. जे क्रेडिट २बी मध्ये नाही ते पुढच्या महिन्यात घेऊ, अशा व्हेंडरची यादी १५ लाच पाठवतो. परचेसकडून बिलं ५ तारखेपर्यंत यायला तुमचा एक मेल लागेल.'

परचेसचा मुद्दा यातही आहे, फक्त तक्रार म्हणून नाही, मागणी म्हणून आहे.

सातारकर_ताई: लेट फी माफ होते का हो, अर्ज कुठे करायचा? आमचंही एक राहिलंय.

जमाखर्च: ताई, त्याचा वेगळा धागा काढा, इथे मेलच्या उत्तराचं चाललंय.

रानवारा: ड्राफ्ट चांगला आहे मान्य, पण 'मी फायलिंग थांबवलं' हे वाक्य काढ. बाकी प्लॅन जाऊ दे.

जमाखर्च: ते काढलं तर प्लॅनला पायाच राहत नाही, १९ ला भरणार म्हणतोस तर मग आधी का नाही भरलंस हा प्रश्न येणारच. तू सांगतोस त्या पोराचं 'माझी चूक झाली' हे सगळंच अंगावर घेणं झालं, इथे नेमकं एकच काम आपलं म्हटलंय. अर्थात साहेबाचा मुद्दाच खोटा असेल, म्हणजे ३बी वेळेत गेलं होतं, तर मान्य करायचं नाही, फायलिंगची पावती जोडायची आणि गप्प बसायचं.

वॉर्ड_नं_७: मी नर्स आहे, हॉस्पिटलमध्ये. आमच्याकडे मेट्रनने औषधाच्या नोंदीवरून बोललं की आम्ही स्टाफ कमी आहे हेच सांगत बसायचो आणि तो स्टाफ खरंच कमी असतो हो, पण उत्तर तेच तेच म्हणून कोणी ऐकायचं नाही. मग नोंद औषध दिल्यावर तिथेच करायची, शिफ्टच्या शेवटी नाही, आणि राहिलेल्या नोंदी पुढच्या सिस्टरला तोंडी सांगायच्या, एवढं लिहून दिलं. त्यानंतर स्टाफचं बोलणं निदान ऐकून तरी घेतलं. माणसं वाढली नाहीत अजून.

खातेवही_पिंपरी: @जमाखर्च पटतंय पण एक अडचण आहे दादा. क्रेडिट सोडून भरलं तर त्या महिन्यात रोख जास्त जाते, आणि महिनाअखेर बँकेत तेवढे नसतात. थांबा असं फायनान्सवाल्यांनीच तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नाही.

जमाखर्च: हे आधी सांगायचंस की, मग 'मी थांबवलं' असं लिहू नको, ते खोटं होईल. 'तोंडी सूचनेवरून फायलिंग थांबलं, मी ती लेखी मागितली नाही' असं लिही. आणि प्लॅनमध्ये भर टाक, १५ ला किती रोख लागेल तो आकडा मॅनेजर आणि फायनान्स दोघांना जाईल, १७ पर्यंत हो-नाही मेलवर. रोख नसेल तर उशीर हा त्यांचा निर्णय ठरतो, व्याज किती बसेल तेही त्याच मेलमध्ये टाक.

रानवारा: आणि फायनान्सवाला म्हणाला मी असं बोललोच नाही, तर?

खातेवही_पिंपरी: तीच भीती आहे. नाव न घेता लिहू का?

जमाखर्च: नाव नको, पण मेल जायच्या आधी त्याला फोन करून सांग की असं लिहितोय. तो नाही म्हणाला तर काय करायचं हे मलाही नीट सुचत नाहीये, तुमच्या ऑफिसची माणसं तुला जास्त माहीत.