प्रोजेक्टमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरचं एक फंक्शन घेतलंय, श्रेय द्यायलाच हवं का?

तन्वी: शेवटच्या वर्षाचा चौघांचा प्रोजेक्ट आहे, जावामध्ये. फाइलचा आकार बाइट्सऐवजी केबी-एमबीत दाखवायला स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या एका उत्तरातून फंक्शन उचललं. रिपोमध्ये आम्ही एमआयटी लायसन्स लावलंय. मी म्हणते लिंक देऊ, टीममधला एकजण म्हणतो, "लिहिलंस तर मार्क कापतील." कोणाचं बरोबर?

महेश: त्या मित्राचं. पाच-सहा ओळींच्या फंक्शनवर कसला आलाय कॉपीराइट? लोक उत्तरं देतात ती वापरायलाच. मी चार वर्षं नोकरीत आहे, कधी कुणी विचारलं नाही.

वैदेही: महेश, वापरायलाच देतात हे खरं, पण अटीवर देतात. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या CC BY-SA लायसन्सखाली असतो: BY म्हणजे श्रेय द्या, SA म्हणजे बदलून पुढे दिलंत तर त्याच लायसन्सखाली द्या. 2 मे 2018 पासूनच्या मजकुराला 4.0, त्याआधीच्याला 3.0, आणि 8 एप्रिल 2011 च्या आधीच्याला 2.5. उत्तर नंतर कुणी सुधारलं असेल तर त्या आवृत्तीला त्या तारखेचं लायसन्स लागतं. त्या उत्तराच्या टाइमलाइनमध्ये ते दिसतं. तन्वी, तुझं फंक्शन 2010 मधल्या गाजलेल्या उत्तरातलं आहे का? त्यात ही ओळ आहे का बघ:

```java
int exp = (int) (Math.log(bytes) / Math.log(unit));
```

तन्वी: हो, हीच! कशी ओळखलीत?

वैदेही: कारण ती असंख्य प्रोजेक्टमध्ये जशीच्या तशी पोचलीय, चुकीसकट. 999999 देऊन बघ. 1.0 MB यायला हवं, येईल 1000.0 kB. `exp` आधी ठरतो, तो 1 येतो, आणि 999.999 नंतर छापताना गोल होऊन 1000.0 होतो. मूळ लेखकानेच 2019 मध्ये ही चूक जाहीरपणे मांडली आणि उत्तर दुरुस्त केलं. ज्यांनी कोडमध्ये लिंक ठेवली होती त्यांना परत जाऊन बघायची वाट होती. बाकीच्यांना आपल्याकडे चूक आहे हे कळायचाही मार्ग नव्हता.

रोहन: आमच्या व्हायवाला असंच झालं. परीक्षकांनी विचारलं, "इथे `log` कशाला?" ज्याने चिकटवलं होतं तो त्या दिवशी आलाच नव्हता, आणि लिंकही नव्हती. आम्ही तिघं गप्प. मार्क गेले ते त्या गप्प बसण्याने. तेव्हा तन्वी, प्लॅजरिझम चेकरमधून काढून घे, दहा टक्क्यांच्या आत आलं की झालं.

वैदेही: रोहन, तो चेकर बहुतेक रिपोर्टचा मजकूर तपासतो. इथला प्रश्न कोडचा आहे.

अमृता: रिपोर्टच्या शेवटी संदर्भांत "स्टॅक ओव्हरफ्लो" लिहिलं की पुरेसं नाही का? आम्ही तेच केलं.

वैदेही: नुसत्या साइटच्या नावावरून लेखकही कळत नाही आणि उत्तरही सापडत नाही. शिवाय उद्या रिपो कुणी घेतला तर रिपोर्ट त्याच्यासोबत जात नाही. फंक्शनच्या डोक्यावर लिहा, दुरुस्त आवृत्ती घेऊन:

```java
// स्रोत: https://stackoverflow.com/a/3758880
// लेखक: <उत्तराखालचं नाव>
// परवाना: CC BY-SA 4.0
// बदल: फंक्शनचं नाव बदललं
```

शेवटची ओळ लोक विसरतात, पण बदल केले असतील तर तसं सांगणं ही 4.0 ची अट आहे.

महेश: ठीक, लिंक देऊ देत. पण त्या SA मुळे अख्खा प्रोजेक्ट त्याच लायसन्सखाली आणावा लागेल, म्हणजे एमआयटी गेलं! त्यापेक्षा व्हेरिएबलची नावं बदला.

वैदेही: नावं बदलून कोड तुमचा होत नाही. घेतलेलाच कोड लपवला जातो, आणि कॉलेजच्या दृष्टीने ते जास्त वाईट. ते फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि "ही फाइल एमआयटीखाली नाही" असं रीडमीत लिहा. किंवा उत्तर बंद करून स्वतः लिहा: 1000 ने भागत जाणारा लूप, आणि गोल केल्यावर 1000 होत असेल तर पुढचं एकक. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. तरी कल्पना कुठून आली याची एक ओळ ठेवा, ती परीक्षकांसाठी.

अमृता: मग सरळ जीपीएल लावलं तर?

वैदेही: 4.0 मधला कोड बदलून जीपीएल 3 मध्ये नेता येतो, उलट येत नाही. जीपीएल 2 मध्ये चालत नाही, आणि एमआयटीत तर नाहीच.

महेश: वेगळी फाइल केली तरी प्रोग्राम एकच बनतो ना? मग SA तिथपर्यंत पोचत नाही कशावरून?

वैदेही: हा प्रश्न रास्त आहे. हे लायसन्स लेख-चित्रांसाठी बनलंय, सॉफ्टवेअरसाठी ते वापरू नका असं क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगतं. त्यामुळे जोडलेल्या फाइल्सचं काय, याचं उत्तर त्यात स्पष्ट नाही. इतक्या छोट्या तुकड्याला कॉपीराइट लागतो का, यावरही मतं वेगळी आहेत, तिथे तुझं म्हणणं मी खोडून काढणार नाही. म्हणूनच मी असते तर लूपवालं लिहिलं असतं.

तन्वी: 999999 टाकून पाहिलं, खरंच 1000.0 kB आलं. लूप लिहायला घेतलाय. ऋण आकडा आला तर काय करायचं, यावर आता टीममध्ये वाद चाललाय.